दळण की घाणा? ब्राह्मणपाऱ्यातला हिशेब

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की आधी आवाज येतो, मग वास. आवाज चक्कीचा. वासावरून आत काय पडतंय ते कळतं: गहू, बेसन, की दिवाळीआधीच्या दिवसांत कुणाची तरी भाजणी. रायपूर आता राजधानीचं शहर आहे, पण तात्यापारा, आजाद चौक, आमापारा यांच्या आसपासच्या जुन्या वस्त्या रोजच्या व्यवहारात अजून लहान गावासारख्याच चालतात. गिऱ्हाईक पायी येतं, डबा घरचा आणतं आणि दोन तासांनी येतो सांगून निघून जातं. अशा वस्तीत कुणी गाळा घेऊन बसायचं ठरवलं की हमखास एक प्रश्न समोर येतो. पिठाची चक्की टाकावी की लाकडी घाण्याचं तेल काढावं? मागणी दोन्हीला रोजची आहे आणि यंत्रं दोन्ही लाख-दोन लाखांच्या घरातली आहेत. मग फरक कुठे?

बहुतेक जण कोटेशनांची तुलना करत बसतात. माझं मत असं की यंत्राची किंमत इथे जवळजवळ दुय्यम आहे. धान्य कुणाचं, या एका प्रश्नावर दोन्ही धंदे वेगळे होतात.

चक्कीत धान्य गिऱ्हाइकाचं असतं. तुम्ही विकता ते फक्त दळणं. गव्हाचा भाव वाढो की पडो, दळणावळ तीच. माल पडून राहण्याची, किडण्याची, भाव उतरण्याची चिंता गिऱ्हाइकाच्या घरी असते. घाण्यात शेंगदाणा तुमचा, तेल तुमचं, पेंडही तुमची, आणि तेलाची बाटली विकली जाईपर्यंत त्यात अडकलेला पैसाही तुमचाच. पहिल्या धंद्यात तुम्ही कारागीर असता, दुसऱ्यात व्यापारी. हे लक्षात न घेता चक्कीवाले घाण्याकडे वळतात, आणि दिवसभर राबूनही गल्ल्यात पैसा का दिसत नाही याचं उत्तर त्यांना सापडत नाही.

आधी चक्कीचं बघू. मोहल्ल्याच्या दुकानाला सोळा इंची दगड आणि साडेसात हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटर हा मधला मेळ ठीक बसतो. गहू सुका आणि साफ असेल तर अशी चक्की तासाला साधारण ८० किलो पीठ पाडते. शंभर किलोला सात युनिटांच्या आसपास वीज लागते. बसवणूक, स्टार्टर, वायरिंग आणि पाया धरून एक-सव्वा लाखाचा खर्च समजू. भाव जागोजागी बदलतात, म्हणून पुढचे आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत. वाचणाऱ्याने आपले घालून बघावेत.

दळणावळ किलोला ५ रुपये आणि दिवसाला २५० किलो दळण धरलं तर महिन्याच्या २६ दिवसांत ६,५०० किलो होतात आणि ३२,५०० रुपये येतात. वीज ८ रुपये युनिटने, स्थिर आकारासह, ४,६०० च्या आसपास. गाळ्याचं भाडं ८,०००. पट्टा, बेअरिंग, दगडाची टाकी यांना १,५०० बाजूला ठेवले की मालकाच्या हाती १८,४०० रुपये उरतात. मालक स्वतः चक्कीवर उभा असेल, तरच. ९,००० वर माणूस ठेवला की निम्मे गेले.

यात गंमत अशी की २५० किलोला यंत्र जेमतेम तीन-सव्वातीन तास चालतं. दुकान मात्र सकाळपासून दुपारपर्यंत आणि पुन्हा संध्याकाळी उघडं ठेवावं लागतं, कारण दळण पाच-दहा किलोंच्या डब्यांनी येतं. चक्कीवाल्याचा दिवस दळण्यात जात नाही. वजनं करण्यात, डब्यांवर खडूने खुणा करण्यात आणि एका धान्यावरून दुसऱ्या धान्यावर जाण्यात जातो. तासाला दीडशे किलो दळणारी मोठी चक्की घेतली म्हणून उत्पन्न दुप्पट होत नाही. रांग तेवढीच असते, मोकळा वेळ वाढतो, आणि मोटर मोठी म्हणून स्थिर आकारही वाढतो.

आता मागणी. पुण्या-नागपूरचा हिशेब इथे थेट लावला की फसायला होतं. छत्तीसगड भात खाणारा मुलूख आहे आणि रेशनवरही इथे मुख्यतः तांदूळच मिळतो. पोळी खाणारं चौघांचं मराठी, गुजराती किंवा मारवाडी घर महिन्याला पंधरा-वीस किलो गहू दळेल. पण सगळ्या वस्तीची सरासरी दहा किलो धरणंच शहाणपणाचं. म्हणजे ६,५०० किलोंना साडेसहाशे घरं हवीत. पाकिटातलं पीठ आहे, घरोघरी घरघंटी आली आहे. एकट्या गव्हावर ही घरं जमणं अवघड.

म्हणून इथली चक्की जगते ती तांदळाच्या पिठावर आणि डाळींवर. चीला, फरा आणि अंगाकर रोटी या छत्तीसगडी घरांच्या रोजच्या गोष्टी, आणि तिन्हींना तांदळाचं पीठ लागतं. तीजा-पोऱ्याला ठेठरी आणि खुरमी होते. ठेठरीला बेसन, खुरमीला गहू. त्यामागोमाग गणपती येतात, मग दिवाळी, आणि आमच्याकडची चकलीची भाजणी, अनारशाचं पीठ. भादव्यापासून दिवाळीपर्यंतचे दोन-अडीच महिने चक्कीवाल्याचं वर्ष ठरवतात. उन्हाळ्यात लोक बाहेरगावी गेले की तीच चक्की उगाच उघडी असते. महिन्याचा हिशेब दिवाळीवरून मांडू नये, मे महिन्यावरून मांडावा.

अनारशाच्या पिठाचा एक किस्सा. तांदूळ तीन दिवस भिजवून, पंचावर पसरून, अर्धवट ओले असतानाच दळायचे अशी घरातली रीत. माझी आई असा डबा घेऊन गेली की चक्कीवाला डब्यात हात घाली, दाणे मुठीत दाबी आणि मूठ उघडून बघे. दाणे तळव्याला चिकटले तर मोडक्या मराठीत म्हणे, "काकी, आज नाही होणार. दगड बसून जाईल." आईला तो नखरा वाटे. त्याचं बरोबर होतं. ओला तांदूळ दोन दगडांच्या मध्ये लेपासारखा बसतो, खाचा भरून जातात आणि मग पुढच्या चार गिऱ्हाइकांचं पीठ गरम, चिकट पडतं. तीळ, शेंगदाणा, सोयाबीन यांचंही तेच. तेल सुटतं आणि दगड तेलकट होऊन जळकट वास येतो. चक्कीला तेलबी चालत नाही आणि घाण्याला धान्य चालत नाही, इतकी ही दोन यंत्रं एकमेकांना परकी आहेत.

दगड हा चक्कीचा जीव. हल्ली तो खाणीतला अखंड दगड नसतो. कुरुंदाचे खडे मॅग्नेसाइटच्या सिमेंटमध्ये ओतून केलेला असतो. वापराने त्याचा चेहरा गुळगुळीत होतो. मग तो दाणा कापत नाही, रगडतो. हे ओळखायला मशीन उघडावी लागत नाही. तेवढ्याच गव्हाला अ‍ॅम्पिअर मीटरचा काटा नेहमीपेक्षा वर जातो, तासाचं दळण घटतं आणि तोंडाशी धरलेलं पीठ हाताला चटका देतं. अनुभवी माणूस सारखा अंगठा आणि तर्जनी यांच्यात पीठ चोळत असतो. तो जाडी बघतोच, शिवाय ऊबही बघतो. फार गरम पीठ डब्यात बंद केलं की वाफ धरते, गुठळ्या होतात आणि वास लवकर बिघडतो. त्या वेळी मशीन थांबवून दगडाला टाकी लावून घ्यावी. टाकीचे पैसे वाचवणारा तेच पैसे विजेच्या बिलात भरतो, आणि वर गिऱ्हाईकही घालवतो.

टाकी लावल्यानंतर पहिलं पीठ कुणालाही द्यायचं नाही. पाच-सात किलो हलकं धान्य किंवा कोंडा दळून काढून टाकायचा. नाहीतर पोळीत कचकच येते. शंका असेल तर चिमूटभर पीठ बशीभर पाण्यात कालवावं. खर बशीच्या तळाशी बसते आणि बोटाला लागते.

दुसरी कायमची कुरकूर असते घटीची. दहा किलो दिले, पावणेदहा आले. यात लबाडी असेलच असं नाही. दळताना गव्हातला ओलावा उडतो, थोडी भुकटी हवेत जाते आणि थोडं पीठ दगडाच्या घरात राहतं. पण जे घरात राहतं ते पुढच्याच्या डब्यात पडतं, आणि खरा घोळ तिथेच होतो. बेसनानंतर राजगिरा किंवा शिंगाडा दळला तर उपास मोडला. म्हणून जुने चक्कीवाले वार पाळतात किंवा दिवसाचा क्रम ठरवतात: सकाळी आधी उपासाचं, मग तांदूळ, मग गहू, डाळी शेवटी आणि धणे-जिरं घातलेली भाजणी सगळ्यांच्या मागे. कागदावर ही शिस्त क्षुल्लक वाटते. त्या साडेसहाशे घरांचा विश्वास तिच्यावरच टिकतो.

बेसन विकत घेऊन विकायचा मोह झाला तर छत्तीसगडात तिवऱ्याकडे लक्ष ठेवावं. तिवरा म्हणजे विदर्भातली लाखोळी. ती इथे भातानंतर उतेरा पद्धतीने भरपूर पिकते, चण्यापेक्षा स्वस्त असते आणि दळल्यावर रंगाने चटकन ओळखू येत नाही. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने प्रतीक आणि महातिवरा हे कमी विषारी वाण काढले हे खरं, पण चण्याचं बेसन म्हणून तिवरा विकणं ही भेसळच. स्वतः अख्खा चणा घेऊन डाळ करून दळावी, नाहीतर बेसन फक्त मजुरीवर दळावं.

आता घाण्याकडे येऊ. इथून हिशेबाचा सूर बदलतो.

घाणा हा या भागाला परका नाही. राजिम हे तीर्थक्षेत्रच एका तेलिणीच्या, राजिम भक्तीणीच्या, नावाने ओळखलं जातं अशी लोककथा आहे. आणि आपला वर्धाही फार दूर नव्हता. मध्यप्रांत-वऱ्हाडात वर्धा आणि रायपूर एकाच सरकारखाली होते. १९३४ साली गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला, वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचं काम सुरू झालं आणि तिथे झवेरभाई पटेलांनी बैलाच्या घाण्यात सुधारणा करून 'वर्धा घाणी' तयार केली. तरीही घाणा मागे पडला. तेल वाईट होतं म्हणून नव्हे. त्याच्या पेंडीत तेल फार राहतं म्हणून.

आजही गणित तेच आहे. शेंगदाण्याच्या दाण्यात पंचेचाळीस ते पन्नास टक्के तेल असतं. १०० किलो चांगल्या दाण्यातून लाकडी घाणा साधारण ४० किलो काढतो. सहा-सात किलो तेल पेंडीतच जातं. एक्स्पेलर त्यातलं बरंचसं पिळून घेतो, आणि सॉल्व्हंटच्या कारखान्यात एक टक्काही उरत नाही. घाण्याचं तेल महाग असतं त्याला हे पेंडीतलं तेल बरंचसं जबाबदार आहे. गिऱ्हाईक त्याचीही किंमत मोजतं.

एक क्विंटल दाणा पूर्ण उलगडून बघू. दाणा १२० रुपये किलोने १२,००० चा. तेल ४० किलो, म्हणजे लिटरात ४४, कारण तेल पाण्याहून हलकं. लिटरचं वजन ९१० ग्रॅमच्या आसपास. (किलो आणि लिटर यांची गल्लत करून भाव सांगणारे दुकानदार मी पाहिले आहेत. लिटरमागे नऊ टक्क्यांचा फरक पडतो, आणि नफाच मुळात बाराएक टक्क्यांचा असतो.) पेंड ५७ किलो, ४० रुपयांनी, २,२८० ची. ती वजा जाता तेलावर ९,७२० रुपये पडले, लिटरला २२१. मजुरी, भाडं, वीज, बाटली, झाकण आणि सांडलवंड मिळून लिटरला ४५ धरले तर २६६ झाले. विक्री ३०० ला. उरले ३४ रुपये.

आता त्याच क्विंटलमधून ४० ऐवजी ३७ किलोच तेल निघालं असं समजा. लिटर ४०.७ च्या आसपास, पेंड ६० किलो. कच्च्या मालाचा खर्च लिटरला २३६ होतो. नफा ३४ वरून १९ वर आला. शंभरात तीन किलोंनी चुकलं आणि जवळजवळ निम्मा नफा गेला. यात विजेचा वाटा किती? तीन हॉर्सपॉवरची मोटर क्विंटलला पंधराएक युनिटं खाते, म्हणजे लिटरला तीन रुपयेही नाहीत. म्हणून 'आमचा घाणा वीज कमी खातो' अशी जाहिरात करणाऱ्या विक्रेत्याला उतारा किती पडतो ते विचारावं. आणि तेही त्याच्या दाण्यावर नव्हे, आपण नेलेल्या दाण्यावर, समोर उभं राहून.

उतारा तीन किलोंनी का घटतो? जुना, बारीक, सुरकुतलेला दाणा. किंवा ओलाव्याची चूक. दाणा फार सुका असला तर उखळीत त्याचा भुगा होतो, पेंड धरत नाही आणि तेल सुटत नाही. म्हणून घाणेवाला मधूनमधून पाण्याचा शिपका देतो. तो कमी पडला तर उतारा कमी. जास्त पडला तर तेलात पाणी राहतं, ते गढूळ दिसतं आणि पंधरा दिवसांत खवट होतं. ओळखायची खूण सोपी: कोरड्या कढईत दोन चमचे तेल तापवा. तडतडलं तर पाणी आहे. तेल काढल्यावर तीन-चार दिवस उभ्या पिंपात निवळू द्यावं आणि तळाचा गाळ सोडून वरचंच भरावं. मागणी आली की काही जण दुसऱ्याच दिवशी बाटल्या भरतात, आणि तक्रारी मग पावसाळ्यात येतात.

कमी बोललं जातं ती गोष्ट दाण्यावरच्या बुरशीची. शेंगदाण्यात बुरशीमुळे अफ्लाटॉक्सिन तयार होतं. त्यातलं बरंचसं पेंडीत जातं, थोडं तेलातही उतरतं. रिफायनरीत क्षाराच्या आणि मातीच्या धुलाईत ते निघून जातं. घाण्याच्या तेलाची अशी धुलाई होत नाही. तेच तर त्याचं भूषण म्हणून सांगितलं जातं. तेव्हा काळे, हिरवट, आक्रसलेले दाणे हाताने निवडून टाकणं हेच इथलं शुद्धीकरण. निवडणाऱ्या बाईची मजुरी हिशेबात धरली नसेल तर हिशेब खोटा आहे. आणि तीच बुरशीची पेंड खालच्या गल्लीतल्या गोठ्यात गेली तर विष दुधातही उतरतं.

मग चक्कीसारखं मजुरीवर तेल काढून द्यावं, दाणा गिऱ्हाइकानेच आणावा, हे का जमत नाही? कारण घाण्याला पूर्ण घाणी लागते. मोहल्ल्याच्या घाण्यात एका वेळी पंधराएक किलो दाणा पडतो आणि तासभर फिरतो. दोन किलो टाकले तर लाट नुसतीच फिरेल. दाब बसायला उखळ भरलेली असावी लागते. चक्की दोन किलो राजगिराही दळते, घाणा दोन किलो दाणा गाळत नाही. दळणाची सवय तेलाला लागत नाही ती यामुळे. तीन-चार घरांनी मिळून पंधरा किलो आणले तरच मजुरीचं गाळप होतं. त्यातही कुणाचा दाणा चांगला, कुणाचा खवट, यावर तंटे होतात.

म्हणजे माल स्वतःचा घ्यावाच लागतो. रोज २० लिटर विकायचं तर महिन्याला ५२० लिटर, त्याला जवळजवळ बारा क्विंटल दाणा, म्हणजे १,४२,००० रुपये. भाव उतरलेला असताना तीन महिन्यांचा साठा करायचा म्हटलं तर सव्वाचार लाख. घाणा स्वतः दोन लाखांचा धरला, तर माल यंत्राच्या दुपटीहून जास्त झाला. कर्ज मागताना बहुतेक जण यंत्राचं मागतात आणि मालासाठी हात पसरतात तेव्हा उशीर झालेला असतो. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत ३५ टक्के अनुदान आहे, जास्तीत जास्त १० लाख. पण ते कर्जाशी जोडलेलं आहे आणि कर्ज नियमित फेडलं तर तीन वर्षांनी खात्यात वळतं होतं. पहिल्या महिन्यात दाणा घ्यायला त्यातला रुपयाही हाती येत नाही.

कायद्याचा एक भाग मात्र टाळता येत नाही. खाद्यतेल सुटं विकायला अन्नसुरक्षेच्या नियमांत मनाई आहे. सीलबंद आणि लेबल लावलेलंच विकावं लागतं. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याची भेसळ होऊन माणसं दगावली, त्यानंतर हा आग्रह कडक झाला. घाण्याखाली डबा धरून ताजं तेल नेण्याचं जे चित्र जाहिरातीत दिसतं, त्यावर धंदा उभा करू नये.

आणि 'घाणा' म्हणून विकलेलं प्रत्येक यंत्र घाणा नसतो. छोटा स्क्रू एक्स्पेलर गाळ्याच्या मागे ठेवून पाटी लाकडी घाण्याची लावतात. पेंड बघावी. एक्स्पेलरची पेंड पातळ, गरम पापुद्र्यांची पडते. घाण्याची उखळीच्या भिंतीला जाड थापून बसते आणि पहारीने खरवडून काढावी लागते.

दोन्हींची बाजू मांडून झाली, आता माझं मत. ब्राह्मणपाऱ्यासारख्या वस्तीत पहिल्या वर्षी फक्त चक्की. तीही गाळा बघून: जुन्या घरांच्या भिंती सामाईक आहेत, आणि यंत्र थेट फरशीवर बसवलं तर शेजारच्या खोलीतली भांडी वाजतात. पाया भिंतीपासून सुटा ओतावा, खाली रबराच्या जाड पट्ट्या घालाव्यात आणि दुपारी दोन ते चार मशीन बंद ठेवावी. या वस्त्यांत चक्की बंद पडते ती तोट्याने कमी, शेजाऱ्याच्या अर्जाने जास्त.

घाणा नंतर, आणि विकत घेण्याआधी उसन्या घाण्यावर. सहा महिने दुसऱ्याच्या परवानाधारक घाण्यावर आपला निवडलेला दाणा गाळून घ्यावा, सीलबंद बाटल्या चक्कीवर ठेवाव्यात आणि दळणाच्या वहीतच प्रत्येक नावापुढे तेलाचा रकाना ओढावा. चौघांच्या घराने महिन्याला तीन लिटर नेलं, तर रोजच्या २० लिटरांना एकशे चौऱ्याहत्तर घरं लागतात. कौतुकाने पहिली बाटली नेणारी घरं मोजू नयेत. चौथी बाटली नेणारी मोजावीत.